नफ्याची रेषा शून्याला कुठे छेदते?

शेअर हजार रुपयांवर होता. तो वाढेल असं वाटलं म्हणून 1,000 च्या स्ट्राइकचा कॉल 40 रुपयांना घेतला. महिनाअखेरीस शेअर 1,030 वर बंद झाला. अंदाज बरोबर ठरला, तरी दर शेअरमागे 10 रुपये गेले. ऑप्शनच्या बाजारात नव्याने उतरणाऱ्याला हा धक्का हमखास बसतो. कारण करारातून हाती किती पडलं आणि त्यातून सुटलं किती, या दोन गोष्टी त्याने एकच धरलेल्या असतात. दोन्हींमधला फरक शब्दांत सांगत बसण्यापेक्षा कागदावर काढून पाहिला तर पटकन डोक्यात बसतो. त्यासाठी फूटपट्टी आणि शाळेतली बेरीज-वजाबाकी एवढंच लागतं. लुई बाशेलिए या फ्रेंच गणितज्ञाने 1900 साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात अशाच रेषा काढल्या होत्या. आज मोबाइलवरच्या ट्रेडिंग अॅपमध्ये दिसणारी आकृती मुळात तीच आहे.

दोन रेषा, एकच आकार

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क. पुट म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क. तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, आणि हक्कापोटी आज मोजायची रक्कम म्हणजे प्रीमियम. मुदत संपते तो दिवस म्हणजे एक्सपायरी. आपल्याकडच्या शेअर बाजारात ऑप्शन घेणाऱ्याला हा हक्क एक्सपायरीच्या दिवशीच वापरता येतो, आधी नाही. हवं तर तो ऑप्शन त्याआधी बाजारात विकून मात्र टाकता येतो.

आता कागदावर एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर एक्सपायरीच्या दिवशीचा शेअरचा भाव मांडायचा: 850, 900, 950 असा उजवीकडे वाढत जाणारा. उभ्या रेघेवर रुपये. 1,000 चा कॉल घेतला असेल तर शेअर 1,000 किंवा त्याखाली असताना हक्काची किंमत शून्य. 1,010 ला 10 रुपये, 1,050 ला 50 रुपये. म्हणजे रेषा 1,000 पर्यंत जमिनीला चिकटून जाते आणि तिथून पुढे 45 अंशात वर चढते. हा झाला पे-ऑफ.

यात प्रीमियमचे 40 रुपये कुठेच नाहीत. ते वजा केले की हीच रेषा, आकार न बदलता, सबंध 40 रुपये खाली सरकते. ही नफ्याची रेषा. डावीकडे ती उणे 40 वर सपाट जाते, 1,000 ला वळते आणि 1,040 ला शून्याला छेदून वर जाते. 1,040 हा तिचा ब्रेक-इव्हन, म्हणजे जिथे नफाही नाही आणि तोटाही नाही असा भाव. 1,030 हा भाव 1,000 आणि 1,040 यांच्या मधला. तिथे पे-ऑफ 30 रुपये आहे, नफा मात्र उणे 10. सुरुवातीचा धक्का तो एवढाच. स्ट्राइकला रेषा वळते आणि ब्रेक-इव्हनला ती शून्य ओलांडते. या दोन वेगळ्या जागा आहेत.

रेषा जोडायची कशी

एकाहून जास्त करार एकत्र घेतले तर आकृती किचकट दिसते, पण काढायची पद्धत सोपीच राहते. शेअर एक रुपयाने वाढला तर आपल्या हातातली रक्कम किती रुपयांनी बदलते, याला उतार म्हणू. घेतलेल्या कॉलचा उतार स्ट्राइकच्या डावीकडे शून्य आणि उजवीकडे अधिक एक. घेतलेल्या पुटचा डावीकडे उणे एक आणि उजवीकडे शून्य. विकलेल्या कराराची चिन्हं याच्या उलट. खुद्द शेअर हाती असेल तर सगळीकडे अधिक एक.

एकत्र घेतलेल्या करारांचे उतार प्रत्येक पट्ट्यात नुसते बेरीज करायचे. रेषा फक्त स्ट्राइकपाशी वळू शकते, मधे कुठेच नाही. म्हणून प्रत्येक स्ट्राइकला नफा किती ते काढायचं, दोन टोकांच्या पलीकडचा एकेक बिंदू घ्यायचा आणि फूटपट्टीने जोडायचं. ब्रेक-इव्हन शोधायला वेगळं सूत्र पाठ करावं लागत नाही. वळणापाशी तोटा 75 असेल आणि तिथून उतार एक असेल, तर 75 रुपये पुढे रेषा शून्यावर येणार हे उघड आहे.

पुढच्या सगळ्या उदाहरणांसाठी एकच काल्पनिक शेअर धरू. आजचा भाव 1,000 रुपये, एक्सपायरी महिन्यावर. 1,000 चा कॉल 40 रुपयांना आणि 1,000 चा पुट 35 रुपयांना मिळतो. 1,050 चा कॉल 20 रुपयांना, 950 चा पुट 15 रुपयांना. मधल्या काळात लाभांश नाही असं मानू. प्रत्यक्षात करार लॉटमध्ये होतात, त्यामुळे 500 शेअरचा लॉट असेल तर पुढचा प्रत्येक आकडा 500 ने गुणायचा.

प्रोटेक्टिव्ह पुट: शेअर हाती आहे, भीतीही आहे

सर्वांत साधी जोडी शेअर आणि पुट यांची. शेअर 1,000 ला घेतला आणि सोबत 1,000 चा पुट 35 रुपयांना घेतला. 1,000 च्या डावीकडे शेअरचा उतार अधिक एक आणि पुटचा उणे एक, बेरीज शून्य. म्हणजे रेषा सपाट. शेअर 900 वर येवो की 600 वर, तो 1,000 ला विकण्याचा हक्क आपल्याकडे आहे. एकूण खर्च 1,035, हाती 1,000, तोटा 35. त्याहून जास्त नाही. 1,000 च्या उजवीकडे पुट निरुपयोगी आणि शेअरचा उतार तेवढा एक. उणे 35 पासून निघालेली रेषा 1,035 ला शून्यावर येते. हा ब्रेक-इव्हन.

याला विमा म्हणतात आणि ते योग्यच आहे. प्रीमियम हा हप्ता. आणि विम्यात जसा सुरुवातीचा काही भाग आपण स्वतः सोसायचं कबूल केलं तर हप्ता कमी होतो, तसं इथेही होतं. 1,000 ऐवजी 950 चा पुट घेतला तर 15 रुपयेच लागतात. ब्रेक-इव्हन 1,015 वर येतो, जो गाठणं सोपं. पण पहिल्या 50 रुपयांची घसरण आपली आपण सोसायची, म्हणून जास्तीत जास्त तोटा 50 अधिक 15, म्हणजे 65. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या की निवड नेमकी कशात आहे ते दिसतं. 980 च्या वर स्वस्त पुटची रेषा वर राहते, 980 च्या खाली महाग पुटची. आपल्याला कोणत्या पट्ट्याची भीती वाटते, त्यावर निवड ठरते.

आता एक फसवी जागा. बऱ्याच जणांकडे शेअर जुना असतो. समजा तो 800 ला घेतला होता आणि आज 1,000 वर आहे. 1,000 चा पुट घेतला तर ब्रेक-इव्हन किती? ‘खरेदीचा भाव अधिक प्रीमियम’ हे पाठ केलेलं सूत्र लावलं तर 835 येतं. पण 835 ला रेषेकडे पाहा. तिथे पुट लागू आहे, शेअर 1,000 लाच विकला जाणार. हाती 1,000, खर्च 835, नफा 165. 600 ला सुद्धा तोच 165. ही रेषा शून्याला कुठेच छेदत नाही, म्हणून तिला ब्रेक-इव्हनच नाही. सूत्र फक्त रेषेच्या चढत्या भागाला लागू होतं आणि 835 हा भाव सपाट भागात पडतो. आकृती काढली असती तर ही चूक झालीच नसती.

आणखी एक गोष्ट या आकृतीत लपलेली आहे. शेअर आणि पुट मिळून झालेली रेषा आपण सुरुवातीला काढलेल्या कॉलसारखीच दिसते: डावीकडे सपाट, 1,000 ला वळून वर. फरक एवढाच की कॉलचा सर्वाधिक तोटा 40 आणि ब्रेक-इव्हन 1,040, तर या जोडीचा 35 आणि 1,035. मग जोडी 5 रुपयांनी स्वस्त पडली का? नाही. जोडी घेणाऱ्याचे 1,035 रुपये महिनाभर अडकले, कॉल घेणाऱ्याचे 40 च. उरलेले हजारच्या आसपास रुपये त्याने बँकेत ठेवले तर वर्षाला सहा टक्के दराने महिन्याचं व्याज साधारण 5 रुपये होतं. हा फरक व्याजाचाच आहे. आकृतीत व्याज दिसत नाही, पण बाजार ते विसरत नाही.

बुल स्प्रेड: वरचा नफा विकून खालचा खर्च कमी

शेअर वाढेल असं वाटतं, पण फार नाही, 1,050 च्या आसपास. मग 1,050 च्या वरची सगळी कमाई आपल्याला हवीच कशाला? ती दुसऱ्याला विकता येते. 1,000 चा कॉल 40 ला घ्यायचा आणि 1,050 चा कॉल 20 ला विकायचा. खिशातून निव्वळ 20 रुपये गेले.

उतार जोडून पाहू. 1,000 च्या डावीकडे दोन्ही शून्य. 1,000 ते 1,050 मध्ये घेतलेल्या कॉलचा एक. 1,050 च्या पुढे एक उणे एक, पुन्हा शून्य. म्हणजे जिन्याच्या एका पायरीसारखी आकृती: उणे 20 वर सपाट, मग चढ, मग अधिक 30 वर पुन्हा सपाट. चढ 1,000 ला उणे 20 पासून सुरू होतो, म्हणून ब्रेक-इव्हन 1,020. सर्वाधिक तोटा 20, सर्वाधिक नफा 30. दोन्हींची बेरीज नेहमी दोन स्ट्राइकमधल्या अंतराएवढी, इथे 50. हिशेब तपासण्याची ही झटपट खूण आहे. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे.

नुसत्या कॉलच्या रेषेशी याची तुलना करा. नुसत्या कॉलचा ब्रेक-इव्हन 1,040, स्प्रेडचा 1,020. सुरुवातीच्या उदाहरणात 1,030 ला कॉलवाल्याचे 10 रुपये गेले. तिथेच स्प्रेडवाल्याला 10 रुपये मिळतात. नुसता कॉल स्प्रेडच्या पुढे जातो तो 1,070 ला, कारण तिथे कॉलचाही नफा 30 होतो. म्हणजे स्प्रेड घेणारा माणूस एका अर्थी म्हणतो आहे की शेअर 1,070 च्या वर जाणार नाही. हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

हीच आकृती पुट वापरूनही काढता येते, आणि पे-ऑफ व नफा यांतला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. आपल्या शेअरचा 1,050 चा पुट साधारण 65 रुपयांना असायला हवा. तो विकला आणि 1,000 चा पुट 35 ला घेतला, तर निव्वळ 30 रुपये आजच हातात पडतात. एक्सपायरीला शेअर 1,050 च्या वर असेल तर दोन्ही पुट रद्दी, 30 रुपये आपले. 1,000 च्या खाली असेल तर 50 रुपये द्यावे लागतात, तोटा 20. ब्रेक-इव्हन 1,020. नफ्याची रेषा कॉलच्या स्प्रेडशी तंतोतंत जुळते. पे-ऑफच्या रेषा मात्र वेगळ्या आहेत. कॉलच्या स्प्रेडचा पे-ऑफ शून्य ते 50 मध्ये, शून्याच्या कधीच खाली नाही. पुटच्या स्प्रेडचा उणे 50 ते शून्य, शून्याच्या कधीच वर नाही. ‘या व्यवहारात उलट आपल्यालाच आज पैसे मिळतात’ म्हणून पुटचा स्प्रेड आकर्षक वाटतो. पण आज मिळालेले 30 रुपये आणि नंतर येऊ शकणारं 50 चं देणं एकत्र मांडलं की तो वेगळा सौदाच नाही, हे समजतं.

शेअरच्या ऑप्शनमध्ये एक खड्डा आकृतीबाहेर आहे. ऑक्टोबर 2019 पासून आपल्याकडे शेअरवरच्या ऑप्शनची सोडवणूक प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, निफ्टीसारख्या निर्देशांकांची मात्र रोखीत. आपला कॉलचा स्प्रेड एक्सपायरीला 1,030 वर थांबला असं समजा. विकलेला 1,050 चा कॉल रद्दी होतो, पण घेतलेला 1,000 चा कॉल जिवंत असतो. आकृती म्हणते 10 रुपये नफा. प्रत्यक्षात 500 शेअरच्या लॉटसाठी पाच लाख रुपये भरून शेअर उचलायची वेळ येते, आणि पैसे उभे करेपर्यंत शेअरचा भाव हलू शकतो. शेअर 1,050 च्या वर असता तर घेणं आणि देणं परस्पर फिटलं असतं. म्हणून दोन स्ट्राइकच्या मधे भाव अडकलेला दिसला तर जाणते लोक दोन्ही बाजू एक्सपायरीच्या आधीच मिटवतात. दलालही शेवटच्या दिवसांत मार्जिन वाढवून मागतो, ते याच कारणाने.

स्ट्रॅडल: दिशा ठाऊक नाही, पण काहीतरी घडणार

कंपनीचा निकाल आहे, न्यायालयाचा निवाडा आहे, निवडणुकीचा कौल आहे. भाव हलणार हे नक्की, कुठे ते माहीत नाही. अशा वेळी 1,000 चा कॉल आणि 1,000 चा पुट दोन्ही घ्यायचे. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 1956 च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी आणि तेजी-मंदी ही बाजारातली नावं तशीच लिहिलेली आहेत. तेव्हा कायद्याने असे करार बेकायदा ठरवले होते. ती बंदी 1995 मध्ये उठली आणि राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीचे ऑप्शन जून 2001 मध्ये सुरू झाले.

स्ट्रॅडलचा खर्च 40 अधिक 35, म्हणजे 75. 1,000 च्या डावीकडे उतार उणे एक, उजवीकडे अधिक एक. आकृती इंग्रजी व्ही अक्षराची, टोक 1,000 ला उणे 75 वर.

| एक्सपायरीचा भाव | पे-ऑफ | नफा |
|---|---|---|
| 850 | 150 | 75 |
| 925 | 75 | 0 |
| 960 | 40 | −35 |
| 1,000 | 0 | −75 |
| 1,040 | 40 | −35 |
| 1,075 | 75 | 0 |
| 1,150 | 150 | 75 |

इथे ब्रेक-इव्हन दोन आहेत, 925 आणि 1,075. पे-ऑफच्या स्तंभात एकही उणे आकडा नाही. निम्मी फसवणूक तिथेच होते, कारण ‘भाव कुठेही गेला तरी काहीतरी मिळणारच’ हे पे-ऑफपुरतं खरं आहे. नफ्यासाठी मात्र शेअर साडेसात टक्के हलला पाहिजे, तोही एक्सपायरीच्या दिवशी तिथेच असला पाहिजे. बाजार स्वतः किती हालचाल गृहीत धरतो आहे, ते या 75 च्या आकड्यातच लिहिलेलं असतं. त्यामुळे स्ट्रॅडल घेताना स्वतःला विचारायचा प्रश्न ‘शेअर हलेल का’ हा नाही. ‘बाजाराला वाटतं त्यापेक्षा जास्त हलेल का’ हा आहे. बाजाराचं गृहीतक बरोबर असेल, तर नेहमीच्या सांख्यिकी गणिताप्रमाणे भाव दोन ब्रेक-इव्हनच्या मधे संपण्याची शक्यता शंभरात साधारण 57 ते 58 येते. म्हणजे घेणारा बहुतेक वेळा हरतो, पण कधीतरी मोठं जिंकतो.

विकणाऱ्याची आकृती याच्या नेमकी उलट, तंबूसारखी. शिखर 1,000 ला अधिक 75 वर, ब्रेक-इव्हन तेच दोन, आणि त्यांच्या बाहेर दोन्ही बाजूंना तळ नसलेला उतार. जास्त वेळा जिंकायला मिळतं म्हणून हा तंबू मोहात पाडतो. सिंगापूरमध्ये बेअरिंग्ज बँकेसाठी काम करणाऱ्या निक लीसनने जपानच्या निक्केई निर्देशांकावर असे स्ट्रॅडल मोठ्या प्रमाणावर विकले होते. निक्केई एका पट्ट्यात शांत राहील, या भरवशावर हे चालू होतं. 17 जानेवारी 1995 ला कोबे शहरात भूकंप झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात निक्केई एकाच दिवसात हजाराहून जास्त अंकांनी कोसळला. तोटा भरून काढायला लीसनने निक्केईचे वायदे विकत घेत राहण्याचा सपाटा लावला, आणि एकूण तोटा 80 कोटी पौंडांच्या पुढे गेला. दोनशे वर्षांहून जुनी ती बँक फेब्रुवारीत बुडाली आणि पुढे एका पौंडाला विकली गेली. विकलेल्या स्ट्रॅडलच्या आकृतीत दोन्ही बाजूंचा उतार कागदाच्या कडेला संपतो. तो तिथे खरंच संपत नाही.

आकृती एकाच दिवसाची असते

आतापर्यंत काढलेली प्रत्येक रेषा एक्सपायरीच्या दिवसाची आहे. मधले दिवस तिच्यात नाहीत, आणि स्ट्रॅडलवाल्याला याची किंमत सर्वांत आधी मोजावी लागते. 2024 च्या लोकसभा निकालाचा आठवडा आठवा. 3 जूनला निफ्टी 23,264 च्या आसपास बंद झाला. 4 जूनला निकालाच्या दिवशी तो जवळपास सहा टक्के पडून 21,884 वर आला. 6 जूनला, त्या आठवड्याच्या एक्सपायरीला, तो 22,821 वर होता. 7 जूनला 23,290 वर, म्हणजे निकालाआधीच्या पातळीच्याही वर. 3 जूनला कोणी 23,250 चं स्ट्रॅडल घेतलं असेल, तर 4 जूनच्या बंद भावाला त्याच्या नुसत्या पुटमध्येच सुमारे 1,365 अंक होते. एक्सपायरीपर्यंत वाट पाहिली असती तर पे-ऑफ सुमारे 429 अंकांचा. ऐतिहासिक घसरण झाली होती, पण एक्सपायरीच्या आकृतीला 4 जून ठाऊकच नाही. तिला फक्त 6 जूनचा भाव कळतो.

एक्सपायरीआधी रेषा टोकदार नसते. ती गोलसर असते, आणि ऑप्शन घेणाऱ्यासाठी सहसा टोकदार रेषेच्या वर तरंगत असते. शिल्लक दिवसांमुळे आणि पुढे भाव किती हलेल याच्या अपेक्षेमुळे ऑप्शनला जास्तीची किंमत मिळते. ती अपेक्षा बाजारात आयव्ही या नावाने ओळखली जाते. दिवस सरतात तशी ही वक्ररेषा हळूहळू खाली बसत जाऊन शेवटी टोकदार रेषेला मिळते. पण आयव्ही एका रात्रीत पडली तर ती एका रात्रीतच खाली बसते. निकालाच्या दिवशी, 4 जूनला, निफ्टीच्या ऑप्शनवरून मोजला जाणारा इंडिया व्हीआयएक्स 25 च्या वर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी 20 च्या खाली आला. अनिश्चितता संपली की तिची किंमतही संपते.

आपल्या शेअरवर हे मोजून पाहू. 75 रुपयांच्या स्ट्रॅडलमागे साधारण 32 टक्के आयव्ही दडलेली आहे. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा निकाल आला, शेअर चार टक्के वाढून 1,040 झाला, आणि आयव्ही 32 वरून 20 वर आली. आता कॉल साधारण 52 रुपयांचा आणि पुट साधारण 8 रुपयांचा उरतो. एकूण 60. शेअर एका दिवसात चार टक्के हलला, एक्सपायरीला अजून चार आठवडे आहेत, तरी 15 रुपये गेले. ज्याने फक्त एक्सपायरीची आकृती पाहिली होती, त्याला हे कोडं वाटतं. बहुतेक अॅपमध्ये आजच्या तारखेची वक्ररेषा वेगळ्या रंगात दिसते. तिथे आयव्ही कमी करून पाहण्याची सोय असेल तर ती व्यवहाराआधी वापरायची, नंतर नाही.

स्प्रेडचा चटका कमी असतो. एक कॉल घेतलेला आणि एक विकलेला असल्यामुळे दिवसांची आणि आयव्हीची झीज बरीचशी एकमेकींना छेद देते. त्याची दुसरी बाजूही आहे. शेअर दोन दिवसांतच 1,060 वर गेला तरी स्प्रेडचे 30 रुपये लगेच मिळत नाहीत, कारण विकलेल्या कॉलमध्येही अजून जीव असतो. ‘भाव लक्ष्याच्या पुढे गेला, मग नफा अर्धामुर्धाच का दिसतो’ या तक्रारीचं उत्तर हेच. पूर्ण नफा एक्सपायरीच्या रेषेवर आहे आणि आपण अजून वक्ररेषेवर आहोत.

खर्चही नफ्याच्या रेषेला खाली ढकलतो. दलाली, एसटीटी, जीएसटी, मुद्रांक शुल्क, आणि त्यांहून नजरेआड राहणारा खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक. दोन करार घेताना तो दोनदा मोजावा लागतो, आणि मुदतीआधी बाहेर पडलं तर चारदा. आपल्या स्ट्रॅडलवर सगळा खर्च मिळून शेअरमागे 3 रुपये आला, तर दोन ब्रेक-इव्हन 922 आणि 1,078 होतात. स्प्रेडवर तोच खर्च धरला तर ब्रेक-इव्हन 1,023 वर जातो, पण नफा 30 वरून 27 वर येतो आणि तोटा 20 वरून 23 वर जातो. नफ्याला वरून टोपी असलेल्या व्यवहारात खर्च जास्त बोचतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या वायदे व ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. याच तीन वर्षांत व्यवहारखर्चापोटी गेलेली रक्कम सुमारे 50,000 कोटी रुपयांची होती.

आणि शेवटची उणीव सर्वांत मोठी. आडव्या रेघेवर 850 पासून 1,150 पर्यंतचे सगळे भाव सारख्या अंतरावर बसतात, म्हणून ते सारखेच संभाव्य वाटू लागतात. विकलेल्या स्ट्रॅडलचा तंबू भक्कम दिसतो, तो शिखराभोवतीचे भाव मधोमध मांडल्यामुळे. कोणता भाव किती वेळा येईल, हे आकृती सांगत नाही. ते आपलं आपण ठरवायचं असतं, आणि मग ते ब्रेक-इव्हनशी ताडून पाहायचं. त्यासाठी ज्या शेअरवर व्यवहार करायचा, त्याचे गेल्या दोन-तीन वर्षांतले महिनाअखेरचे भाव घ्या. एका एक्सपायरीपासून पुढच्या एक्सपायरीपर्यंत तो साडेसात टक्क्यांहून जास्त किती वेळा हलला ते मोजा. 36 महिन्यांत अशी वेळ सातच वेळा आली असेल, तर 75 रुपयांचं स्ट्रॅडल घेण्याआधी या महिन्यात वेगळं काय आहे याचं उत्तर हाताशी हवं. पंधरा-सोळा वेळा आली असेल, तर बाजाराचा भाव साधारण रास्त आहे आणि खर्च धरता पारडं किंचित आपल्या विरोधात आहे. ब्रेक-इव्हन काढायला पाच मिनिटं लागतात. तो आकडा हाती आल्याशिवाय मात्र हे मोजायला सुरुवातच करता येत नाही.